लीज डीड वाचताना लॉक-इन आणि नोटीस यांचा हिशेब आधी तारखांत मांडा

एका फिजिओथेरपिस्टला क्लिनिकसाठी तळमजल्यावरचा गाळा पाच वर्षांसाठी भाड्याने घ्यायचा आहे, असे समजू. भाडे महिना ८०,००० रुपये, डिपॉझिट सहा महिन्यांचे म्हणजे ४,८०,००० रुपये, लॉक-इन, म्हणजे जागा मध्येच सोडता येत नाही तो काळ, २४ महिने, नोटीस तीन महिने. एवढे तोंडी ठरले आणि आठवड्याभरात ब्रोकरने वीस-पंचवीस पानांचा मसुदा पाठवला. बहुतेक लोक त्यात भाड्याचा आकडा, डिपॉझिटचा आकडा आणि स्वतःच्या नावाचे स्पेलिंग तपासतात आणि सही करतात. तोंडी ठरलेले '२४ महिने' आणि 'तीन महिने' मसुद्यातही दिसतात, म्हणून शंका येत नाही. पण तेच दोन आकडे कायम ठेवून, फक्त वाक्याची ठेवण बदलून, बाहेर पडण्याची तारीख सहा महिने पुढे जाऊ शकते. ती कशी जाते ते या लेखात याच गाळ्यावर दाखवले आहे.

महाराष्ट्रात घरासाठी आणि बऱ्याच दुकान-ऑफिसांसाठीही लीजऐवजी लिव्ह अँड लायसन्सचा करार होतो. लीजमध्ये जागेतला हक्क भाडेकरूकडे येतो, लायसन्समध्ये फक्त वापराची परवानगी मिळते. हा फरक भांडण कोर्टात गेल्यावर मोठा ठरतो, आणि कोर्ट तेव्हा कागदाच्या मथळ्याकडे नाही तर मजकुराकडे पाहते. लॉक-इन आणि नोटीसचे क्लॉज मात्र दोन्ही कागदांत जवळपास सारखेच लिहिलेले असतात. त्यामुळे पुढची वाचनाची पद्धत दोन्हींना चालते. कायद्याच्या कलमांविषयी जे लिहिले आहे ते लीजबद्दल आहे.

आधी डीडवर एक फेरी

डीडची सुरुवात पक्षकारांपासून होते. मालक एकटा आहे की सहमालक आहेत, सही करणाऱ्याकडे कुलमुखत्यारपत्र आहे का, कंपनी असेल तर ठराव जोडला आहे का, एवढे इथे बघायचे. नंतर 'ज्याअर्थी'ने सुरू होणारे परिच्छेद येतात. त्यांत मालकाकडे जागा कशी आली ते सांगितलेले असते. जागेवर बँकेचे कर्ज असेल तर ते याच भागात कळायला हवे, आणि तसे असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र मागा.

मग व्याख्या. हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक सोडून देतात, पण या लेखाच्या दृष्टीने डीडमधली सगळ्यात महत्त्वाची पाने हीच. 'लीज सुरू होण्याची तारीख', 'भाडे सुरू होण्याची तारीख', 'ताबा देण्याची तारीख', 'लॉक-इनचा काळ', 'भाडे' या शब्दांचे अर्थ इथे बांधून टाकलेले असतात. पुढे पंधराव्या पानावर लॉक-इनचा क्लॉज वाचताना त्यातला प्रत्येक शब्द या पानावर येऊन तपासावा लागतो.

त्यानंतर मुदत, भाडे आणि भाडेवाढ, डिपॉझिट, मेंटेनन्स, वीज-पाणी, जागेचा वापर, दुरुस्ती, अंतर्गत काम, पोटभाडेकरू ठेवण्याची मनाई, मालकाच्या हमी, कसूर, लीज संपवणे, ताबा परत देणे आणि नोटीस पाठवण्याचे पत्ते असा क्रम साधारण असतो. शेवटी परिशिष्टे. पहिल्या परिशिष्टात जागेचे वर्णन आणि नकाशा असतो. तिथे कार्पेट एरिया लिहिला आहे की सुपर बिल्ट-अप, हे बघा. भाडे चौरस फुटावर ठरले असेल तर तो फरक दर महिन्याला खिशातून जातो.

या सगळ्यातून आपल्याला चार जागा हव्या आहेत: व्याख्या, मुदत, लीज संपवणे, आणि पत्त्यांचा क्लॉज. त्या चारही जागांना कागदी खुणा लावा. लॉक-इन आणि नोटीस यांचा संपूर्ण अर्थ डीडमध्ये कुठेच एका ठिकाणी लिहिलेला नसतो. या चार ठिकाणांहून तो जमवावा लागतो.

नोंदणी झाली नसेल तर पुढचे वाचून उपयोग कमी

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०७ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीची लीज नोंदणीकृत दस्तानेच करता येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम ५५ त्याहून पुढे जाते. जागा भाड्याने देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची, असे ते सांगते.

पाच वर्षांची लीज नुसत्या स्टँप पेपरवर लिहून, नोटरी करून ठेवली तर काय होते? भाडेकरू ताब्यात आहे आणि भाडे भरतो आहे, म्हणून नाते सहसा महिना-महिना चालणाऱ्या भाडेदारीचे धरले जाते. पण त्या कागदातली पाच वर्षांची मुदत आणि तिच्यावर टेकलेला लॉक-इन कोर्टात सिद्ध करणे दोघांनाही जड जाते. भाडेकरूला हे ऐकून बरे वाटू शकते, कारण लॉक-इन ढिला झाला. पण त्याच कारणाने मालकालाही मुदतीचे बंधन राहत नाही, आणि ज्याने नऊ लाख घालून आतले काम केले आहे त्याला ते परवडत नाही. सही झाल्यापासून नोंदणीसाठी सादर करायला चार महिने मिळतात. तरी ताबा घेण्याआधीच दुय्यम निबंधकाकडचे काम उरकून घ्या.

लॉक-इन वाचताना पहिले पाहायचे: बांधला कोण जातो

लॉक-इन म्हणजे मुदतीतला असा काळ ज्यात लीज मध्येच सोडता येत नाही, किंवा सोडली तर ठरलेले पैसे द्यावे लागतात. कोणाला सोडता येत नाही, हे क्लॉजच्या कर्त्यात असते. 'दोन्ही पक्षांना' असे लिहिले असेल तर मालकही बांधला गेला. 'भाडेकरूला' एवढेच असेल तर पुढे जाऊन 'लीज संपवणे' हा क्लॉज बघा. तिथे मालकाला तीन महिन्यांच्या नोटिशीवर लीज संपवण्याचा अधिकार दिलेला असेल, तर तुम्ही दोन वर्षे अडकलात आणि तो एक दिवसही नाही.

उलट प्रकारही असतो. भाडेकरूला ठराविक काळ लॉक-इन आणि मालकाला पूर्ण पाच वर्षे. व्यापारी जागांच्या लीजमध्ये ही मागणी अवाजवी समजली जात नाही. आतला खर्च भाडेकरू करतो, तो वसूल व्हायला त्याला पूर्ण मुदत हवी असते. मालकाला भाडे न मिळाल्यास किंवा कराराचा भंग झाल्यास लीज संपवण्याचा अधिकार राहतोच. कारण नसताना संपवण्याचा अधिकार तेवढा काढून टाकायचा असतो.

इथे कायद्यातली एक गोष्ट माहीत असावी. लीज मुदतीआधी संपवता येईल असे डीडमध्ये म्हटले आहे, पण ते कोणाच्या मर्जीने हे लिहिलेले नाही, तर १८८२ च्या कायद्याचे कलम ११० म्हणते की ती मर्जी भाडेकरूची, मालकाची नव्हे. मसुदा करणारे वकील हे जाणून असतात, म्हणून मालकाकडून आलेल्या मसुद्यात 'दोघांपैकी कोणीही' हे शब्द मुद्दाम घातलेले दिसतात. ते दिसले की लॉक-इन दोघांनाही लागतो का हे परत जाऊन तपासा.

घड्याळ कुठून सुरू होते

आपल्या क्लिनिकच्या गाळ्यात तारखा अशा आहेत. लीज सुरू होण्याची तारीख १ जून २०२५. आतले काम करायला दोन महिने भाडेमाफी, म्हणून भाडे सुरू होण्याची तारीख १ ऑगस्ट २०२५. आता '२४ महिने लॉक-इन' पहिल्या तारखेपासून मोजला तर तो ३१ मे २०२७ ला संपतो. दुसऱ्या तारखेपासून मोजला तर ३१ जुलै २०२७ ला. मालकाने भाडेमाफी दिली खरी, पण लॉक-इन भाड्याच्या तारखेपासून धरला तर ते दोन महिने त्याने शेवटी परत घेतले.

मालकाच्या बाजूने यालाही तर्क आहे. त्याला २४ महिन्यांचे भाडे हवे असते, २२ महिन्यांचे नाही. कोणते बरोबर हा प्रश्न नाही. जे ठरले तेच लिहिले गेले का, एवढाच प्रश्न आहे, आणि तोंडी बोलताना हे कोणीच विचारत नाही.

तिसरा प्रकार अधिक त्रासाचा. काही मसुद्यांत लॉक-इन 'ताबा मिळाल्यापासून' असतो आणि ताब्याची तारीख मोकळी सोडलेली असते. मग पुढे दोन वर्षांनी ताबा कधी मिळाला याचाच वाद. असे दिसले तर ताबा पावतीवर तारीख घालून ती डीडला परिशिष्ट म्हणून जोडा.

शेवटची तारीखही आकड्यात लिहून घ्या. '१ जून २०२५ पासून पाच वर्षे' असे लिहिले तर साध्या हिशेबाने ३१ मे २०३० येतो. पण कलम ११० च्या मोजणीत, वेगळे ठरलेले नसेल तर, सुरुवातीचा दिवस वगळतात आणि त्या तारखेच्या वर्धापनाचा पूर्ण दिवस लीज चालते. एका दिवसासाठी भांडण कशाला? 'दोन्ही दिवस धरून' असे लिहून दोन तारखा दिल्या की विषय मिटतो.

नोटीस लॉक-इनच्या आत देता येते का

सगळ्यात जास्त पैसे याच प्रश्नावर अवलंबून असतात, आणि उत्तर सहसा 'नंतर' किंवा 'संपल्यावर' अशा एका शब्दात लपलेले असते. दोन क्लॉज शेजारी ठेवून वाचा.

पहिला असा: 'लॉक-इनचा काळ लीज सुरू होण्याच्या तारखेपासून २४ महिने राहील. भाडेकरूस तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन लीज संपवता येईल, मात्र नोटिशीची मुदत लॉक-इन संपण्याच्या दिवसाआधी संपता कामा नये.'

दुसरा असा: 'लॉक-इनचा काळ भाडे सुरू होण्याच्या तारखेपासून २४ महिने राहील. लॉक-इन संपल्यानंतर भाडेकरूस पूर्ण तीन कॅलेंडर महिन्यांची लेखी नोटीस देऊन लीज संपवता येईल.'

दोन्हींत लॉक-इन २४ महिने, दोन्हींत नोटीस तीन महिने. ब्रोकरने तोंडी सांगितलेले दोन्हींत जसेच्या तसे आहे.

पहिल्या क्लॉजमध्ये लॉक-इन ३१ मे २०२७ ला संपतो. नोटीस आतच देता येते, फक्त ती त्या दिवसाआधी संपायला नको. मार्च, एप्रिल, मे हे तीन महिने धरायचे तर नोटीस २८ फेब्रुवारी २०२७ पर्यंत मालकाच्या हातात पडायला हवी. तो रविवार आहे, म्हणून शुक्रवार २६ तारखेलाच पोहोचवलेली बरी. जागा ३१ मे २०२७ ला सुटते.

दुसऱ्या क्लॉजमध्ये लॉक-इन ३१ जुलै २०२७ ला संपतो. त्याआधी दिलेली नोटीस नोटीसच नाही. १ ऑगस्टला रविवार, म्हणून सोमवार २ ऑगस्टला नोटीस पोहोचली. आता 'पूर्ण कॅलेंडर महिने' हे शब्द पाहा. ऑगस्ट सुरू होऊन गेला, तो पूर्ण महिना राहिला नाही. मोजणी सप्टेंबरपासून. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. जागा ३० नोव्हेंबर २०२७ ला सुटते.

३१ मे ते ३० नोव्हेंबर, सहा महिने. भाडे ४,८०,००० रुपये. मालक जीएसटीत नोंदणीकृत असेल तर व्यापारी जागेच्या भाड्यावर १८ टक्के, म्हणजे आणखी ८६,४०० रुपये. मेंटेनन्स वेगळा. हा फरक तीन ठिकाणांहून जमला: दोन महिने सुरुवातीच्या तारखेमुळे, तीन महिने 'संपल्यानंतर' या शब्दामुळे आणि जवळजवळ एक महिना 'कॅलेंडर' या शब्दामुळे.

म्हणून माझा आग्रह असा असतो की क्लॉजवर चर्चा करण्याआधी एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर तीनच तारखा लिहाव्यात: लॉक-इन संपण्याचा दिवस, नोटीस पोहोचवण्याचा शेवटचा दिवस, आणि सर्वांत लवकर जागा सोडता येईल तो दिवस. तो कागद मालकाच्या वकिलाला पाठवा आणि विचारा, तुमच्या मसुद्याप्रमाणे या तारखा बरोबर आहेत का. इंग्रजी क्लॉजवर वाद घालण्यात नवशिक्याची दमछाक होते, तारखांवर होत नाही. समोरून 'हो' आले तर त्याच तारखा क्लॉजमध्ये उदाहरण म्हणून घालायला सांगा.

डीड गप्प असेल तेव्हा

नोटिशीचा क्लॉजच नसेल तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन मोकळे होता येते, असा एक समज पसरलेला आहे. तो मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ च्या अर्धवट वाचनातून आला आहे. त्या कलमातली पंधरा दिवसांची नोटीस महिना-महिना चालणाऱ्या भाडेदारीसाठी आहे, आणि तीही वेगळा करार नसेल तेव्हा. पाच वर्षांची ठराविक मुदत असलेल्या नोंदणीकृत लीजला ती आपोआप लागत नाही. मुदत ठरलेली आहे आणि मध्येच बाहेर पडण्याचा क्लॉज नाही, तर भाडेकरू तत्त्वतः पाचही वर्षे बांधलेला असतो. थोडक्यात, 'आमच्या डीडमध्ये लॉक-इन नाही' हे ऐकून खूश होण्याआधी बाहेर पडण्याचा क्लॉज आहे का ते बघा. तो नसेल तर सगळी मुदत लॉक-इनच.

नोटीस पोहोचली हे कसे ठरते

डीडच्या शेवटाकडे 'नोटीस' नावाचा दुसरा एक क्लॉज असतो. पहिला किती महिन्यांची ते सांगतो, हा कशी आणि कुठे पाठवायची ते. रजिस्टर्ड पोस्ट, कुरिअर, हातोहात, ईमेल यांपैकी काय चालते, ईमेल नुसती चालते की मागून कागदही लागतो, आणि पाठवल्यानंतर कितव्या दिवशी मिळाली असे मानायचे, हे तिथे असते. मालक परगावी किंवा परदेशी असेल तर हा क्लॉज नीट वाचा.

व्हॉट्सअॅपवर 'आम्ही मे अखेर जागा सोडतोय' असे कळवून मालकाने 'ठीक आहे' म्हटले, यावर विसंबू नका. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली, म्हणून डीडमध्ये रजिस्टर्ड पोस्ट म्हटले असेल तर नोंदणीसह स्पीड पोस्टच करा आणि त्याची पावती, पोचपावती, लिफाफ्याचा फोटो जपून ठेवा. घाई असेल तर हातोहात प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर सही-तारीख घ्या, आणि तरीही पोस्टाने एक प्रत जाऊ द्या. नोटिशीत डीडची तारीख, दस्त क्रमांक, ज्या क्लॉजखाली नोटीस देत आहात त्याचा क्रमांक आणि जागा सोडण्याची तारीख असू द्या. भावना आणि तक्रारी त्यात नकोत, त्या वेगळ्या पत्रात.

लॉक-इनमध्येच निघावे लागले तर किती पैसे

दुसरा क्लॉज सही झाला आहे असे धरू. क्लिनिक चालले नाही आणि ३१ ऑगस्ट २०२६ ला जागा रिकामी करावी लागली. लॉक-इन ३१ जुलै २०२७ पर्यंत, म्हणजे अकरा महिने शिल्लक. बहुतेक मसुद्यांत असे वाक्य असते: 'लॉक-इनमध्ये लीज सोडल्यास उरलेल्या काळाचे संपूर्ण भाडे देय राहील.' मालक ८,८०,००० रुपये मागणार. त्यातले ४,८०,००० त्याच्याकडे डिपॉझिट म्हणून आहेतच.

कायद्याने हा पूर्ण आकडा आपोआप मिळतो का? भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७४ म्हणते की करार मोडल्यास द्यायची रक्कम आधीच ठरवलेली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि ठरवलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या फतेहचंद निकालात आणि पुन्हा २०१५ च्या कैलाशनाथ निकालात हेच तत्त्व धरले. जिथे नुकसान सिद्ध करता येते तिथे ते सिद्ध करावे लागते. समजा मालकाला १ डिसेंबर २०२६ पासून त्याच भाड्यात नवा भाडेकरू मिळाला. मग त्याचे भाड्याचे नुकसान सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर एवढेच, २,४०,००० रुपये, आणि वर नवी दलाली वगैरे. अकरा महिन्यांचे पैसे मागणे तिथे अवघड होते. जागा तशीच पडून राहिली आणि मालकाने भाडेकरू शोधायचा खरा प्रयत्न केला, तर चित्र वेगळे.

हे वाचून लॉक-इनला फार दात नाहीत असे समजू नका. डिपॉझिट मालकाच्या हातात असते. तो ते कापून घेतो आणि दावा भाडेकरूला लावावा लागतो, त्यात वर्षे जातात. कलम ७४ चा खरा उपयोग मला वाटतो तो सहीच्या आधी होतो: 'कोर्टातही तुम्हाला पूर्ण रक्कम मिळेलच असे नाही, तर आताच एक ठराविक, लहान आकडा लिहू या' असे म्हणता येते. आपल्या क्लिनिकवाल्याने 'उरलेले भाडे किंवा तीन महिन्यांचे भाडे, जे कमी असेल ते, आणि हीच मालकाची संपूर्ण मागणी' असे लिहून घेतले असते तर हिशेब पहिल्या दिवसापासून २,४०,००० वर थांबला असता.

या क्लॉजमध्ये आणखी दोन शब्द शोधा. एक, 'भाडे' म्हणजे काय. व्याख्येत मेंटेनन्स, पार्किंग आणि कर धरून 'भाडे' म्हटले असेल तर आकडा फुगतो. दुसरे, 'तसेच नोटीस काळाचे भाडे'. लॉक-इनच्या उरलेल्या महिन्यांचे पैसे द्यायचे आणि वर नोटिशीचे तीन महिने, म्हणजे आपल्या उदाहरणात २,४०,००० आणखी. हे 'तसेच' खोडायला सांगा. मालक बहुधा मान्य करतात, कारण त्याचे समर्थन करणे त्यांनाही जमत नाही.

लॉक-इनला अपवाद कोणते

मालकाने कसूर केली तर भाडेकरूला लॉक-इनमध्येही पैसे न देता निघता आले पाहिजे, आणि ते लिहिलेले असले पाहिजे. कसूर म्हणजे कोणती, तेही: ज्या धंद्यासाठी जागा घेतली त्याला लागणारी परवानगी इमारतीत मिळतच नाही, महापालिकेने बांधकामाला टाळे ठोकले, मालकाच्या कर्जापायी बँकेने ताबा मागितला. सहसा आधी लेखी कळवून तीस दिवस सुधारायला द्यायचे असतात, मगच लीज संपवायची. तीच तीस दिवसांची सवलत भाडेकरूच्या कसुरीलाही आहे का ते बघा. भाडे एक दिवस चुकले की लगेच लीज संपवण्याचा अधिकार असलेले मसुदेही असतात.

आग, पूर यांनी जागा नष्ट झाली किंवा तिचा मोठा भाग कायमचा निकामी झाला, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मधल्या तरतुदीने भाडेकरू लीज रद्द धरू शकतो. पण 'कायमचा' हा शब्द महत्त्वाचा. २०२० च्या टाळेबंदीत अनेकांना वाटले की धंदा बंद आहे तर लीजही सुटेल. करार कायद्यातले अशक्यतेचे कलम ५६ एकदा ताबा दिलेल्या लीजला लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच म्हटलेले होते. तात्पुरत्या बंदीसाठी सवलत हवी असेल तर ती डीडमध्येच घालावी लागते: इतके दिवस जागा वापरता आली नाही तर भाडे थांबेल, आणि अमुक महिने तसेच राहिले तर लॉक-इन असूनही निघता येईल.

निघण्याचा दिवस

नोटिशीची मुदत संपली म्हणजे भाडे थांबले असे नाही. बहुतेक डीडमध्ये भाडे रिकामा ताबा परत देईपर्यंत चालू राहते, आणि मुदत संपल्यावरही जागेत राहिल्यास दीडपट किंवा दुप्पट दर असतो. 'रिकामा' म्हणजे काय, याचे उत्तर ताबा परत देण्याच्या क्लॉजमध्ये मिळते. पार्टिशन आणि फॉल्स सीलिंग काढून जागा मूळ स्थितीत द्यायची की आहे तशी? मूळ स्थितीत असेल तर तोडकामाचे दहा-पंधरा दिवस नोटिशीच्या मुदतीतच बसवा, तिच्यानंतर नाही. ताबा घेताना काढलेले तारखेसह फोटो इथे उपयोगी पडतात.

डिपॉझिट कधी परत मिळणार हेही त्याच क्लॉजमध्ये असते. 'ताबा परत दिल्यापासून ९० दिवसांत' असे असेल तर किल्ल्या दिल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही. 'ताबा देताना, त्याच वेळी' असे लिहून घ्या आणि त्याला जोडून एक वाक्य: मालक डिपॉझिट द्यायला तयार नसेल तर भाडेकरू भाडे न देता ताबा ठेवू शकेल आणि थकलेल्या रकमेवर व्याज मिळेल. वीज-पाण्याच्या शेवटच्या बिलांसाठी थोडी रक्कम मागे ठेवायला हरकत नसते, पण ती किती आणि किती दिवस हे आकड्यात असू द्या.

किल्ल्या देताना मालकाची किंवा त्याच्या अधिकृत माणसाची सही असलेली ताबा पावती घ्या. तीत तारीख, मीटरचे रीडिंग, किल्ल्यांची संख्या, डिपॉझिटच्या चेकचा किंवा बँक व्यवहाराचा क्रमांक आणि 'भाडेकरूकडे कोणतीही बाकी नाही' हे वाक्य हवे. मालक ताबा घ्यायला टाळाटाळ करत असेल तर जागा तयार असल्याचे आणि अमुक दिवशी अमुक वेळी किल्ल्या देणार असल्याचे लेखी कळवा, त्याच पत्त्यावर, डीडमध्ये सांगितलेल्या त्याच पद्धतीने.